लोकप्रशासन (विद्याशाखा)

शासनाच्या कारभाराचा पद्धतशीर अभ्यास करणारी सामाजिक शास्त्रांची शाखा. तिचा आरंभ सामान्यतः वुड्रो विल्सन यांच्या 1887 मधील निबंधापासून धरतात. कारभार हे राजकारणाच्या कक्षेबाहेरचे, व्यवसायासारखे क्षेत्र आहे, असे त्यात म्हटले होते. हा आरंभबिंदू मात्र निर्विवाद नाही. कौटिल्य किंवा राजकोश व राज्यकारभाराचे शास्त्र मांडणारे अठराव्या शतकातील जर्मन कॅमेरलिस्ट पंडित यांच्यापर्यंत मूळ मागे नेणारे अभ्यासक आहेत. परंतु तो राजाला दिलेला उपदेश होता, विद्यापीठीय चिकित्सा नव्हे, असा आक्षेप त्यावर येतो. अधिक गंभीर हरकत पॉल व्हॅन रायपर यांची आहे. प्रसिद्धीनंतर कित्येक दशके या निबंधाचा उल्लेख क्वचितच आढळतो, आणि त्याचे पुनर्मुद्रण झाले ते 1941 मध्ये. हे पाहता विल्सन यांचे संस्थापकपद बरेचसे मागाहून बहाल झालेले दिसते. राजकारण व प्रशासन यांच्या विभागणीची सविस्तर मांडणी फ्रँक गुडनाऊ यांनी 1900 मध्ये केली. पहिले पाठ्यपुस्तक एल. डी. व्हाइट यांचे (1926).

1937 च्या सुमारास गुलिक व अर्विक यांनी संघटनेची तत्त्वे सांगितली. प्रत्येकाला एकच वरिष्ठ असावा आणि कामे तज्ज्ञतेनुसार वाटावीत, ही त्यांपैकी दोन. हर्बर्ट सायमन यांनी 1946 मध्ये दाखवून दिले की ही तत्त्वे म्हणींसारखी परस्परविरोधी आहेत. सातारा किंवा सांगली जिल्हा परिषदेच्या व्यवस्थेत हा विरोध उघड दिसतो. पंचायत समितीतील बांधकामाचा कनिष्ठ अभियंता रजेसाठी व हजेरीसाठी गटविकास अधिकाऱ्याकडे पाहतो. रस्त्याच्या अंदाजपत्रकाची तांत्रिक बाजू मात्र बांधकाम विभागाकडे जाते. आदेश एकाच ठिकाणाहून यावेत असे म्हटले, तर डांबराच्या थराची जाडी अभियांत्रिकी न शिकलेल्या अधिकाऱ्याने ठरवावी लागेल. तज्ज्ञतेला मान दिला, तर वरिष्ठ दोन होतात. दोन्ही तत्त्वे एकाच वेळी पाळता येत नाहीत, आणि कोणत्या वेळी कोणते सोडावे हे ती सांगत नाहीत.

गुडनाऊ यांच्या विभागणीचीही येथे कसोटी लागते. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांत 1962 पासून निवडून आलेला अध्यक्ष आणि शासननियुक्त मुख्य कार्यकारी अधिकारी अशी जोडी आहे. कोणत्या गावाचा रस्ता आधी, हा निर्णय कागदोपत्री सभागृहाचा. पण यादी कार्यालयात तयार होते, आणि तिचा क्रम लावतानाच निम्मे धोरण ठरून जाते.

अमेरिकेतील तरुण अभ्यासकांच्या 1968 च्या मिनोब्रुक परिषदेने सामाजिक न्याय हा निकष पुढे आणला. 1991 मध्ये ख्रिस्तोफर हूड यांनी नामकरण केलेल्या नवलोकव्यवस्थापनाने स्पर्धा, कंत्राट व मोजमाप यांवर भर दिला. त्यातील नागरिकाला ग्राहक मानण्यावर पुढे डेन्हार्ट दांपत्याने टीका केली. महाराष्ट्राचा 2015 चा लोकसेवा हक्क कायदा नवलोकव्यवस्थापन व त्यावरील ही टीका या दोन प्रवाहांच्या मध्ये पडतो: दाखल्याला मुदत आहे, दिरंगाईला 500 ते 5,000 रुपये दंड आहे, मात्र पहिली दोन अपिले त्याच यंत्रणेतील वरिष्ठांकडे करावी लागतात.