विक्री मिश्रण बदलले की ना नफा ना तोटा बिंदू का सरकतो: एक पार्श्वभूमी

मुंबईतील बी.कॉम.च्या वर्गात सीमांत परिव्ययाचे प्रकरण सुरू झाले की पहिली गणिते एकाच मालाची असतात. स्थिर खर्चाला नगामागील अंशदानाने, म्हणजे विक्रीतून चल खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेने, भागले की ना नफा ना तोटा बिंदू मिळतो. दोन माल आले की हा बिंदू त्यांच्या विक्रीच्या प्रमाणावर, म्हणजे विक्री मिश्रणावर, अवलंबून राहतो आणि विद्यार्थी अडखळतात, आणि त्याचे मूळ या तंत्राच्या इतिहासात सापडते.

हेन्री हेस या अमेरिकी अभियंत्याने 1903 मध्ये खर्च, उत्पादन आणि नफा यांचा संबंध आलेखावर मांडला. मूळचे स्वित्झर्लंडचे योहान फ्रीडरिख शेर यांनी 1911 मध्ये याच बिंदूला ‘मृत बिंदू’ म्हटले, आणि पुढे अमेरिकी प्राध्यापक वॉल्टर राउटेनस्ट्राउख यांनी ब्रेक-इव्हन आलेख कारखानदारांच्या नेहमीच्या वापरात आणला. या आलेखाच्या आडव्या अक्षावर बहुधा एकूण विक्रीची रक्कम किंवा कारखान्याच्या क्षमतेची टक्केवारी असे. अनेक मालांचा कारखानाही त्यामुळे एका रेषेत बसे. मात्र त्या रेषेच्या उतारात ‘मालांचे प्रमाण आज आहे तसेच राहील’ हे गृहीतक दडलेले असे आणि ते कोठेही लिहिलेले नसे. दर मालाचे अंशदान वेगळे काढण्याची पद्धत जोनाथन हॅरिस यांच्या 1936 मधील लेखानंतर चर्चेत आली. ते दडलेले गृहीतक आकड्यांत मांडता येऊ लागले ते या पद्धतीमुळे.

दादरमधील एक काल्पनिक फराळघर घेऊ. गाळ्याचे भाडे, कायम कामगारांचे पगार वगैरे मिळून महिन्याचा स्थिर खर्च 1,53,000 रुपये आहे. चकलीचे पाकीट 100 रुपयांना जाते आणि त्यावर चल खर्च 60 रुपये येतो. बेसन लाडवाचे पाकीट 200 रुपयांना जाते, पण बेसन आणि तुपामुळे त्यावर 150 रुपये खर्च होतात. म्हणजे पाकिटामागील अंशदान अनुक्रमे 40 आणि 50 रुपये, तर पी/व्ही रेशो, म्हणजे विक्रीच्या रकमेतील अंशदानाचा वाटा, 40 आणि 25 टक्के. एका मापाने लाडू सरस ठरतो, दुसऱ्याने चकली. पुढचा सगळा घोळ याच विसंगतीतून उपजतो.

तीन चकल्यांमागे एक लाडू असे प्रमाण असेल, तर चार पाकिटांच्या एका संचाची विक्री 500 रुपये आणि अंशदान 170 रुपये होते. 1,53,000 ला 170 ने भागले की 900 संच येतात: चकलीची 2,700 आणि लाडवाची 900 पाकिटे, मिळून 3,600 पाकिटे आणि 4,50,000 रुपयांची विक्री. आता सणासुदीला लाडवाची मागणी वाढून प्रमाण एकास एक झाले असे धरा. संचाची विक्री 300 आणि अंशदान 90 रुपये. त्यामुळे 1,700 संच, म्हणजे 3,400 पाकिटे, पण विक्री 5,10,000 रुपये. पाकिटे 200 ने घटली आणि विक्रीची गरज 60,000 रुपयांनी वाढली. मिश्रण ‘सुधारले की बिघडले’ असे विचारणाऱ्याने, निदान माझ्या मते, आधी मोजमाप पाकिटांत आहे की रुपयांत हे सांगायला हवे.

परीक्षेत हमखास होणारी चूक भाराची आहे. 40 आणि 25 टक्क्यांना पाकिटांच्या 3:1 प्रमाणाचा भार दिला की 36.25 टक्के येतात आणि उत्तर सुमारे 4,22,000 रुपये निघते. पी/व्ही रेशोला भार द्यायचा तो विक्रीच्या रकमेचा, म्हणजे येथे 60 आणि 40 टक्के. त्यातून 24 अधिक 10, असे 34 टक्के मिळतात. पाकिटांचा भार चालतो तो नगामागील अंशदानाला. चूक पकडायची तर उत्तर उलटे तपासावे: 4,22,000 रुपयांच्या विक्रीवर 34 टक्क्यांनी सुमारे 1,43,500 रुपयेच अंशदान सुटते आणि स्थिर खर्चाला साडेनऊ हजार कमी पडतात.

खरे पाहता अनेक मालांच्या धंद्यात ना नफा ना तोटा हा एक बिंदू नसतोच. नुसत्या चकलीच्या 3,825 पाकिटांपासून नुसत्या लाडवाच्या 3,060 पाकिटांपर्यंतची सगळी जोडरेषा नफा शून्यावर आणते, आणि विक्री मिश्रण त्यातील एक ठिकाण निवडते. हे ठिकाण गृहीत न धरता निवडायचे कसे, हा प्रश्न अमेरिकी प्राध्यापक रॉबर्ट जेडिके यांनी 1961 मध्ये रेखीय प्रोग्रामिंग या, मर्यादित साधनांची सर्वांत फायद्याची वाटणी काढणाऱ्या गणिती पद्धतीच्या साहाय्याने हाताळला. तेथे अंशदान मोजले जाते ते टंचाई असलेल्या साधनामागे. आपल्या फराळघरात हातांचा वेळच तोकडा असेल आणि चकलीच्या पाकिटाला 10 मिनिटे, लाडवाच्या पाकिटाला 15 मिनिटे लागत असतील, तर मिनिटाला चकली 4 रुपये देते आणि लाडू सव्वातीन रुपयांच्या थोडे वर. पाकिटामागे पुढे असलेला लाडू येथे मागे पडतो.