डिस्चार्ज व्हाउचरवर सही झाल्यावर: विनंतीचा अर्ज वेगळा आणि हरकतीचं पत्र वेगळं

विमा कंपनीच्या क्लेम विभागात माझी सारी नोकरी झाली. निवृत्त होऊन बडोद्यात स्थिरावले, तरी नातेवाइकांच्या फायली सुटल्या नाहीत. ऑगस्ट 2024 च्या अखेरीला विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं. त्यानंतर वर्षभर माझ्याकडे जे लोक येत होते, त्यांतल्या निम्म्यांच्या हातात एकच कागद असायचा. कंपनीने क्लेमपेक्षा कमी रक्कम देऊ केली, यांनी डिस्चार्ज व्हाउचरवर, म्हणजे कंपनीच्या छापील पावतीवर, सही केली, पैसे आले, आणि आता हे म्हणतात, "ताई, आम्ही कंपनीला पत्र दिलंय." पत्र उघडावं तर बहुतेक वेळी आत विनंतीचा अर्ज. हरकतीचं पत्र मी क्वचितच पाहिलं.

विनंतीचा अर्ज सगळ्यांना येतो. माननीय महोदय, आमचा क्लेम इतक्याचा होता, आपण इतकेच दिले, तरी सहानुभूतीने फेरविचार व्हावा, सोबत बिलं जोडली आहेत. व्हाउचरवर सही होण्याआधी हा अर्ज अगदी योग्य आहे. सही झाल्यावर मात्र त्याचा अर्थ बदलतो. कंपनीच्या फाईलमध्ये तुमच्या सहीचा एक कागद आहे, त्यावर छापलंय की 'ही रक्कम पूर्ण व अंतिम म्हणून राजीखुशीने स्वीकारली'. तुमचा अर्ज त्या कागदाबद्दल अक्षर काढत नाही. म्हणजे तो कागद तुम्हाला मान्य आहे आणि वर आणखी थोडी मेहेरबानी हवी आहे. आमच्याकडे असा अर्ज आला की कारकून दोन ओळींचं उत्तर टाइप करायचा आणि फाईल परत कपाटात.

हरकतीचं पत्र रकमेबद्दल नंतर बोलतं. आधी ते त्या सहीबद्दल बोलतं: सही माझी आहे, पण संमती माझी नव्हती. लोकांची गफलत नेमकी इथे होते. 'रक्कम कमी मिळाली' आणि 'सही मोकळेपणाने झाली नाही' ही दोन वेगळी भांडणं आहेत. पहिलं कितीही खरं असलं तरी त्यातून दुसरं आपोआप सिद्ध होत नाही. माणूस समजून-उमजून कमी रकमेवर तडजोड करू शकतो, आणि तशी तडजोड कायद्याने पक्की असते.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. लेटरहेड असो वा साधा कागद, इंग्रजी असो वा गुजराती, नोटरीचा शिक्का असो वा नसो, काही अडत नाही. वकिलाकडूनच गेलं पाहिजे असंही नाही. ईमेल करा आणि स्पीड पोस्टाने पाठवून पोचल्याचा पुरावा ठेवा, एवढं पुरतं.

माझ्या मामेभावाची गोष्ट सांगते, म्हणजे नीट कळेल. कारेलीबागेत त्याचं वह्या-कागदाचं दुकान. ओला कागद विकता येत नाही, फुगलेल्या वह्यांचे गठ्ठे रद्दीवालासुद्धा तोंड वाकडं करून उचलतो. क्लेम 14,20,000 चा. नुकसान मोजायला आलेल्या सर्वेअरने रद्दीची किंमत वगैरे वजा करून 11,60,000 ची शिफारस केली. कंपनीने 8,35,000 मंजूर केले. राहिलेले 3,25,000 का कापले, तर दुकानाखालच्या तळघरातला माल पॉलिसीतल्या पत्त्यात येत नाही म्हणे. तळघराला वेगळा पत्ताच नाही, दुकानातूनच जिना उतरतो, हे सर्वेअरच्या अहवालात लिहिलेलं.

दुकानाचं बँकेत सीसी खातं, म्हणजे धंद्यासाठी उचल घ्यायचं कर्जखातं. 3 फेब्रुवारी 2025 ला बँकेची ईमेल आली की महिनाअखेरपर्यंत थकबाकी भरली नाही तर खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात जमा, होईल. 7 तारखेला त्याने कंपनीत फोन केला: निदान मंजूर झालेले आठ लाख पस्तीस हजार तरी द्या, तळघराचं नंतर बघू. उत्तर मिळालं, "व्हाउचरवर कोरी सही आल्याशिवाय एक रुपया निघणार नाही. वर काही लिहिलंत तर व्हाउचर परत येईल."

तो रात्री माझ्याकडे आला. म्हणाला, "ताई, सही करू का नको?"

मी म्हटलं, "कर. पण आधी एक ईमेल कर."

8 तारखेच्या त्या ईमेलमध्ये चारच वाक्यं होती. काल अमुक वाजता आपल्याशी फोनवर असं बोलणं झालं. बँकेची ईमेल सोबत जोडली आहे. 3,25,000 ची कपात मला मान्य नाही. मंजूर रक्कम अडकू नये एवढ्यासाठी मी सही करत आहे. 10 तारखेला त्याने सही केली, 14 ला पैसे जमा झाले, 15 ला हरकतीचं पत्र गेलं.

या तारखांना इतकं महत्त्व का? सर्वोच्च न्यायालयाचा 2008 चा बोघारा पॉलिफॅब निकाल यात पायाभूत आहे. त्यात न्यायालयाने काही उदाहरणं दिली आहेत, आणि त्यातलं एक आमच्या दुकानाला जवळजवळ जसंच्या तसं लागू पडतं. मागणी दहा लाखांची, समोरचा सहा लाख मान्य करतो, पण 'पूर्ण व अंतिम' असं लिहून दिल्याशिवाय ते मान्य केलेले सहाही देत नाही. पैशाच्या नडीपायी माणूस सही करतो. न्यायालय म्हणतं, ही संमती खरी नव्हे, हा आर्थिक दबाव. पण त्याच निकालात उलट उदाहरणही आहे: दोघांनी बसून, बोलून कमी रकमेवर तडजोड केली, तर नंतर तक्रारीला जागा नाही. तेव्हा पत्राने हे दाखवायचं असतं की आपण पहिल्या उदाहरणातले आहोत, दुसऱ्यातले नाही.

नुसतं 'दबावाखाली सही केली' असं लिहून हे दाखवता येत नाही. या एका वाक्याचा मला खरोखर वैताग येतो. जीनस पॉवरच्या प्रकरणात, 2014 च्या डिसेंबरमध्ये, सर्वोच्च न्यायालयाने अशी मोघम तक्रार फेटाळली. सही झाल्यावर सुमारे तीन आठवडे जीनस या विमाधारक कंपनीने ब्र काढला नव्हता, आणि दुसरा मार्गच नव्हता इतकी तिची आर्थिक स्थिती बिकटही नव्हती, असं न्यायालयाने म्हटलं. याउलट 2019 च्या डायसिटेक्सच्या निकालात विमाधारकाने आपल्या पैशाच्या अडचणीबद्दल वेळोवेळी केलेला पत्रव्यवहार फाईलमध्ये होता, आणि दबावाचा मुद्दा लवादापुढे, म्हणजे कोर्टाबाहेर वाद सोडवणाऱ्या पंचापुढे, जाऊ दिला गेला. दोन्हीकडे व्हाउचर होतंच. फरक आजूबाजूच्या कागदांचा होता.

म्हणून मामेभावाच्या पत्रात विशेषणं नव्हती. मूळ पत्र इंग्रजीत होतं, त्याचा गाभा मराठीत असा: 'दि. 10 फेब्रुवारीचं व्हाउचर पूर्ण व अंतिम असल्याचं मी नाकारतो. 7 तारखेला आपल्या कार्यालयाने सांगितलं की कोऱ्या सहीशिवाय आपण स्वतः मंजूर केलेली रक्कमही मिळणार नाही. त्या वेळी माझं बँक खातं एनपीए होण्याच्या बेतात होतं, बँकेची 3 तारखेची ईमेल व खातेउतारा जोडला आहे. माझी हरकत 8 तारखेच्या ईमेलने सहीआधीच आपल्याला कळवली होती. मिळालेले 8,35,000 मी आपल्या कबूल देण्यापोटी अंशतः रक्कम म्हणून जमा धरले आहेत. राहिलेले 3,25,000 सर्वेअरच्या अहवालाप्रमाणे द्यावेत, अन्यथा कारण लेखी कळवावं.' पुढे तळघराबद्दल एक परिच्छेद, संपलं.

'कबूल देण्यापोटी अंशतः' हे शब्द लोक हमखास विसरतात. ते नसतील तर कंपनी विचारते, व्हाउचर मान्य नाही तर पैसे का ठेवलेत? उत्तर पत्रातच असावं: जे पैसे तुम्ही स्वतः देणं लागता म्हणून ठरवलेत, ते घेतल्याने तडजोड होत नाही.

आणखी काही गोष्टी मला सहन होत नाहीत. शेवटी 'आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे' हे वाक्य. दबावाची तक्रार आणि सहकार्याचे आभार एकाच कागदावर! दुसरं, फसवणूक झालेली नसताना 'फसवणूक' लिहिणं. कोणी खोटं सांगून सही घेतली नव्हती, पैसे अडवून घेतली होती. जे घडलं तेच लिहावं, नाहीतर सिद्ध न होणारा आरोप सिद्ध होणाऱ्यालाही बुडवतो. तिसरं, मानसिक त्रासाचे पाच लाख. ते मागायची जागा पुढे आहे.

24 सप्टेंबर 2015 चं विमा नियामकाचं परिपत्रकही पत्रात एका ओळीत घालावं. त्याचा आशय असा की देणं आणि रक्कम ठरली असेल तर व्हाउचरसाठी कंपनीने पैसे अडवू नयेत, आणि व्हाउचर दिलं म्हणून विमाधारकाचा वाढीव भरपाईसाठी दाद मागायचा हक्क जात नाही. पण एकट्या परिपत्रकावर विसंबून तारखा आणि पुरावे गाळणारे मी पाहिलेत. तसंच 2024 च्या क्रिश स्पिनिंगच्या निकालाचं. 'आता व्हाउचरला अर्थच उरला नाही' असं लोक सांगत सुटलेत. तो निकाल एवढंच म्हणतो की 'पूर्ण व अंतिम' लिहून दिल्यावरही लवादाचं कलम जिवंत राहतं आणि सही खुशीची होती का, हे लवाद ठरवेल. ठरवताना तो बँकेची ईमेलच मागणार.

ज्यांनी सहीआधी काही लिहिलं नाही, त्यांनी काय करायचं? आज लिहा. फोनचा कॉल लॉग, बँकेच्या नोटिसा, थकलेल्या पगाराचा हिशोब, जे त्या दिवसांतलं असेल ते जोडा. सहीच्या तारखेनंतर बनवलेला कागद आणि तेव्हाचाच कागद यात वाचणाऱ्याला फरक कळतो. आणि सहीच्या वेळी खात्यात भरपूर शिल्लक असेल, कोणतीच निकड नसेल, तर आर्थिक दबावाचं पत्र लिहू नका. उतारा मागवला की संपलं.

मामेभावाला 6 मार्चला उत्तर आलं: आपण पूर्ण व अंतिम व्हाउचर दिलेलं असल्याने मागणी विचारात घेता येत नाही. तो चेहरा पाडून बसला. मी ते पत्र दोनदा वाचलं. 7 फेब्रुवारीच्या फोनबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. बोलणं झालंच नाही असं कंपनीने म्हटलं नव्हतं, 8 तारखेची ईमेल मिळाली नाही असंही नाही. शिवाय आता लेखी नकार हातात होता. त्याचं दुकान सूक्ष्म उद्योगात मोडतं, त्यामुळे अहमदाबादच्या विमा लोकपालाकडे जायचा रस्ता खुला. नकारापासून एक वर्षाची मुदत. मात्र तेच प्रकरण ग्राहक आयोगात चालू असता कामा नये. मी त्याला म्हटलं, हे उत्तर फाईलमध्ये सगळ्यात वर लाव, आणि पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का फाडू नकोस.