भारतीय इंग्रजीतील कार्यालयीन वाक्प्रयोग

भारतातल्या कार्यालयांत लिहिल्या जाणाऱ्या इंग्रजीत काही शब्द आणि वाक्प्रयोग असे आहेत, की ते इथे सर्वांना कळतात, पण परदेशी वाचकाला अडवतात किंवा चुकीच्या अर्थाकडे नेतात. ‘डू द नीडफुल’, ‘रिव्हर्ट’, ‘प्रीपोन’ आणि ‘डाउट’ ही त्यांतली नेहमीची चार उदाहरणे. यांना सरसकट अशुद्ध म्हणणे बरोबर नाही. काही प्रयोग ब्रिटिशांच्याच जुन्या पत्रव्यवहारातून आले आणि इथे टिकले, तर काहींमागे भारतीय भाषांचे वळण आहे.

‘डू द नीडफुल’ पहिल्या प्रकारातले. ते एकेकाळी ब्रिटनमध्येही प्रचलित होते. तिथे ते मागे पडले, आपल्याकडे सरकारी पत्रांतून ते खासगी कंपन्यांच्या मेलमध्ये आले. परदेशी वाचकाला ते जुनाट वाटते, पण खरी अडचण वेगळी आहे: नेमके काय करायचे हे त्यात नसतेच. आपल्याकडच्या ‘योग्य ती कार्यवाही करावी’प्रमाणे काम काय ते दोघांनाही आधीच ठाऊक आहे, असे ते गृहीत धरते. त्यामुळे त्याला एकच ठरावीक पर्याय देता येत नाही. काम मंजुरीचे असेल तर ‘प्लीज अप्रूव्ह’, सहीचे असेल तर ‘प्लीज साइन’ असे क्रियापद लिहावे, आणि पुढे मुदत द्यावी.

‘रिव्हर्ट’ अधिक धोक्याचे, कारण वाचकाला अर्थ कळल्यासारखा वाटतो, पण तो दुसराच असतो. आपण ते ‘उत्तर द्या’ म्हणून लिहितो. सिंगापूर-मलेशियातही हा अर्थ चालतो. ब्रिटन-अमेरिकेत मात्र त्याचा रोजचा अर्थ पूर्वस्थितीला जाणे असा आहे. सॉफ्टवेअरच्या कामात तर git revert ही आज्ञा आधीचा बदल रद्द करणारा नवा बदल नोंदवते. अशा चमूत ‘प्लीज चेक माय चेंज अँड रिव्हर्ट’ असे लिहिले, तर समोरचा माणूस बदल तपासून तो काढूनही टाकेल, आणि त्याच्या दृष्टीने त्याने सांगितलेलेच केले असेल. इथे ‘रिप्लाय’ किंवा ‘लेट मी नो’ लिहावे. ‘रिव्हर्ट बॅक’ने काही सुधारत नाही.

‘प्रीपोन’ला हसणारे बरेच असतात, पण ‘पोस्टपोन’च्या जोडीने बनलेला हा शब्द सुटसुटीत आहे आणि ऑक्सफर्ड शब्दकोशातही आहे. तो बदलताना लोक ‘मूव्ह फॉरवर्ड’ लिहितात आणि नवा घोळ करतात. बुधवारची बैठक दोन दिवस ‘मूव्ह फॉरवर्ड’ केली असे सांगितले, तर काही इंग्रजी भाषक सोमवार समजतात आणि काही शुक्रवार. ‘ब्रिंग फॉरवर्ड’ ब्रिटनमध्ये चालते. सर्वांत सुरक्षित म्हणजे जुनी वेळ आणि नवी वेळ दोन्ही लिहिणे.

‘आय हॅव अ डाउट’मागे आपली ‘शंका’ उभी आहे. मराठीत शंका विचारता येते आणि घेताही येते; इंग्रजी ‘डाउट’मध्ये घेण्याचाच अर्थ बळकट. म्हणून सादरीकरणानंतर हे वाक्य आले, की वक्त्याला आपल्या आकड्यांवर कुणाचा विश्वास नाही असे वाटू शकते. ‘क्वेश्चन’ म्हटले की भागते.

आता पुण्याहून म्युनिकला हिवाळ्यात गेलेला मेल असा असल्याचे समजा: ‘मीटिंग इज प्रीपोन्ड टू थर्सडे फर्स्ट हाफ. काइंडली गो थ्रू द फाइल अँड डू द नीडफुल. इन केस ऑफ डाउट्स, रिव्हर्ट.’ यातला ‘फर्स्ट हाफ’ बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. पुण्यातला साडेनऊ ते दीड हा वेळ म्हणजे म्युनिकला पहाटे पाच ते सकाळी नऊ; निम्म्याहून अधिक वेळ तिथले कार्यालय उघडलेलेही नसते. उन्हाळ्यात तिथली घड्याळे तासभर पुढे जातात, तेव्हा हा हिशेबही बदलतो.

हाच मजकूर असा लिहावा: ‘द मीटिंग हॅज मूव्ह्ड फ्रॉम फ्रायडे टू थर्सडे, 9 ए. एम. म्युनिक टाइम, 1:30 पी. एम. इंडिया टाइम. प्लीज चेक द प्रायसेस ऑन पेज 2 अँड सेंड मी करेक्शन्स बाय वेन्सडे नून, म्युनिक टाइम. इफ यू हॅव क्वेश्चन्स, प्लीज रिप्लाय टू धिस मेल.’ मेल लांबला खरा, पण फाइलमध्ये काय पाहायचे आणि ते केव्हापर्यंत, हे विचारणारा दुसरा मेल टळला.

भारतातल्या भारतात हे प्रयोग बदलण्याची गरज नाही; मुंबईच्या कार्यालयाने नागपूरला ‘प्रीपोन’ लिहिले तर कुणीही अडत नाही. ‘डू द नीडफुल’ मात्र इथेही काम लांबवू शकते: तीन विभागांना एकच पत्र गेले, की ते ‘नीडफुल’ दुसऱ्या विभागाचे आहे असे प्रत्येक विभाग धरून चालतो.