फोम काँक्रीट: वजन निम्मे केले, तर ताकद किती उरते?

फोम काँक्रीट विकणारे लोक एक प्रयोग हौसेने करून दाखवतात. या काँक्रीटचा ठोकळा पाण्याने भरलेल्या बादलीत सोडायचा, तो तरंगला की पाहणाऱ्यांकडे विजयी मुद्रेने पाहायचे, आणि मग "स्लॅबवर हे घाला, पावसाळ्यात थेंबभरही गळती होणार नाही" असे सांगायचे. गोव्यासारख्या ठिकाणी, जिथे सपाट स्लॅबचे घर बांधलेला प्रत्येकजण काही वर्षांनी गळतीच्या चिंतेत असतो, तिथे हे बोलणे चटकन पटते. परंतु ठोकळा तरंगतो याचा अर्थ एवढाच की त्याची घनता पाण्याच्या घनतेपेक्षा, म्हणजे घनमीटरला १,००० किलोपेक्षा, कमी आहे. वाळलेले लाकूडही तरंगते, म्हणून ते पाणी शोषत नाही असे कोणी म्हणत नाही. फोम काँक्रीट उष्णता अडवण्यासाठी आहे. पाणी अडवण्याचे काम त्यावरच्या स्वतंत्र जलरोधक थराचे असते.

या काँक्रीटमध्ये खडी नसते. सिमेंट आणि पाणी यांचा पातळ लगदा करतात आणि वेगळ्या यंत्रात दाबाच्या हवेने तयार केलेला घट्ट फेस त्यात मिसळतात. छपरावरच्या हलक्या मिश्रणाचे एक उदाहरण घेऊ. एका घनमीटरसाठी ३०० किलो सिमेंट आणि १५० लिटर पाणी घेतले, तर दोन्ही मिळून जेमतेम पाव घनमीटर जागा व्यापतात. उरलेली पाऊण घनमीटर जागा फेस भरून काढतो आणि त्याचे वजन केवळ ३८ किलोच्या आसपास असते. ओल्या मिश्रणाची घनता अशा रीतीने साधारण ४९० येते. सिमेंट आपल्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतके पाणी कायमचे बांधून ठेवते आणि बाकीचे उडून जाते, त्यामुळे पूर्ण वाळल्यावर घनता ३६० वर येते. उष्णता आणि ताकद यांचे आकडे बहुधा या कोरड्या घनतेला धरून दिलेले असतात. दरपत्रकात कोणती घनता लिहिली आहे, हे म्हणूनच आधी विचारावे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. घनता निम्मी केली की ताकदही निम्मी होईल, असे कोणालाही वाटेल. पण ताकद त्याहून पुष्कळ घसरते. कोरडी घनता १,२०० असताना दर चौरस मिलिमीटरला पाचएक न्यूटन, म्हणजे सुमारे अर्धा किलो वजनाचा, भार पेलणारे काँक्रीट ८०० ला दोन ते तीन न्यूटन पेलते आणि ४०० ला अर्धा ते एकच न्यूटन. घनता निम्म्यावर आली की ताकदीचा साधारण तिसरा ते चौथा हिस्सा उरतो, असा ठोकताळा यावरून बांधता येतो.

याचे कारण बुडबुड्यांमधल्या भिंतींत आहे. बुडबुडे थोडे असतात तेव्हा प्रत्येक पोकळीभोवती सिमेंटचा जाड भाग असतो आणि वरचा भार त्यातून सरळ खाली उतरतो. बुडबुडे वाढले की हा भाग बारीक होतो, एवढेच घडत नाही. भाराची वाटही वाकडी होते. तो गोल पोकळ्यांना वळसा घालत पातळ भिंतींतून जातो आणि त्या भिंती दाबल्या जाण्याऐवजी वाकू लागतात. सिमेंट दाब उत्तम सोसते, वाकणे मात्र सोसत नाही, कारण वाकताना एका बाजूला ताण येतो आणि तिथेच तडा सुरू होतो. त्यात भर म्हणून, गर्दी झाली की शेजारचे बुडबुडे एकमेकांत फुटून मोठे होतात आणि मधली भिंत नाहीशी होते. एकाच घनतेच्या दोन नमुन्यांची ताकद वेगळी निघते ती यामुळेच. फोडलेल्या तुकड्यात पावाच्या गाभ्यासारखी लहानमोठी, एकमेकांत उघडणारी भोके दिसली, तर फेस कमकुवत होता असे समजावे. भोके बारीक आणि सारखी दिसायला हवीत.

मग इतके कमकुवत काँक्रीट छपरावर टिकते कसे? म्हापशातील एखाद्या घराचा १०० चौरस मीटरचा स्लॅब डोळ्यांसमोर आणू. त्यावर १० सेंटीमीटर फोमचा थर घातला, तर त्याचे वजन चौरस मीटरला ५० किलोच्या आत राहते; विटांच्या तुकड्यांचा नेहमीचा कोबा याच जागेवर २०० किलोच्या आसपास जातो. कोरडा फोम साध्या काँक्रीटच्या सुमारे पंधराव्या हिश्श्याइतकीच उष्णता वाहू देतो. माणसांचा वावर असलेल्या छपरासाठी चौरस मीटरला दीडशे किलो भार धरतात. तो सारखा पसरला, तर दर चौरस मिलिमीटरला एका न्यूटनाच्या हजार भागांपैकी जेमतेम दीड भाग भरतो, म्हणून अर्धा न्यूटन ताकददेखील भरपूर वाटते.

घोटाळा होतो तो पायांखाली. हजार लिटरची टाकी चार पायांच्या लोखंडी स्टँडवर ठेवली, तर प्रत्येक पायावर अडीचशे किलो येतात. पायाखालची पट्टी ५ बाय ५ सेंटीमीटरची असेल, तर तिथला दाब एक न्यूटन होतो आणि अर्धा न्यूटन पेलणारा फोम चुरडून पाय आत रुततो. फोमवर ५ सेंटीमीटर सिमेंट-वाळूचा थर असल्यास भार तिरका पसरून साधारण १५ बाय १५ सेंटीमीटरवर येतो आणि दाब नवव्या हिश्श्यावर उतरतो. पैसे वाचवण्यासाठी कंत्राटदार हा थर गाळायला सुचवतात, तेव्हा अजिबात मान्य करू नये. त्याचे वजन चौरस मीटरला शंभर किलो होते, हे मात्र हिशेबात धरावे. "कोब्यापेक्षा चौपट हलके" ही जाहिरात इथे बरीच फिकी पडते.

कामाच्या वेळी तपासणी सोपी आहे. दहा लिटरचे भांडे मिश्रणाने काठोकाठ भरून वजन करावे. भांड्याचे वजन वजा जाता आपल्या मिश्रणाचे ४.९ किलो भरायला हवेत. सहा किलो भरले, तर फेस मिसळताना फुटला आहे. ताकद वाढेल, पण तेवढ्याच सिमेंटमध्ये थर १० ऐवजी सुमारे ८ सेंटीमीटरचाच होईल आणि उष्णताही जास्त उतरेल. उलट ४.२ किलोच भरले, तर ताकद सुमारे पाव हिश्श्याने गेली. ताकद वाढवायची म्हणून पाणी कमी करण्याची गवंड्यांची सवय इथे अंगाशी येते, कारण कोरडा लगदा फेसातलेच पाणी ओढून घेतो आणि फेस बसतो.

गोव्यात वेळही सांभाळावी लागते. मे महिन्यात ओतून जूनच्या आत घाईने जलरोधक थर चढवला, तर उडून जायचे पाणी आतच अडकते. ओल्या पोकळ्या उष्णता अधिक वाहतात आणि वरचा थर उन्हात वाफेने फुगतो. जानेवारी-फेब्रुवारीत काम उरकले की वाळायला पुरेसे आठवडे मिळतात.

पोकळी भरताना घनतेचा हिशेब वेगळ्याच कारणाने बदलतो. इंग्लंडमधील बाथ शहराजवळ कोंब डाउन येथील जुन्या दगडी खाणी फोम काँक्रीटनेच भरल्या गेल्या. ते पाण्यासारखे वाहून कोपऱ्याकोपऱ्यात पोहोचते आणि ठोकून बसवावे लागत नाही. आपल्याकडे ते बंद पडलेल्या सेप्टिक टाकीसाठी चालते. पाणी आधी पूर्ण उपसावे आणि एका वेळी अर्धा मीटरच ओतावे, कारण जास्त उंचीच्या भाराने तळाचे बुडबुडे दबतात आणि सिमेंटची उष्णताही आत कोंडते.

पण पावसाळ्यात गोव्यात भूजल वर येते, आणि तिथे बादलीतला ठोकळा खरोखर आठवावा. समजा टाकी २ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि २ मीटर खोल आहे. तिच्यात ६ घनमीटर फोम बसतो. त्याची घनता ६०० असेल आणि भोवती पाणी भरले, तर प्रत्येक घनमीटरला ४०० किलो याप्रमाणे एकूण २,४०० किलोचा जोर वर ढकलतो. टाकीच्या भिंतींचे वजन सोडून दिले, तर त्यावर अर्धा मीटर मातीचा थर हा जोर जेमतेम रोखतो. घनता १,२०० घेतली तर तरंगण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र ताकद पाच न्यूटनवर गेल्याने पुढे नळ टाकायला ते खोदताना नाकीनऊ येतात. पुढे खोदता यावे म्हणून ताकद दोन न्यूटनच्या आत ठेवतात. म्हणून बागेखालच्या टाकीला ६०० आणि वर माती, तर गाडी उभी राहणार असेल तिथे १,२००, असे मी सुचवेन.