शस्त्रक्रियेनंतरचे आभारपत्र

नातेवाइकाची शस्त्रक्रिया पार पडल्यावर कुटुंबाने डॉक्टर आणि परिचारिकांना लिहिलेले चार-सहा ओळींचे पत्र. बहुतेक वेळा ते आधी फोनवरच्या घाईच्या संदेशात उमटते. आईच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर मुलीने पाठवलेला असा एक संदेश घेऊ:

'थँक्यू सो मच डॉक्टर!! आई एकदम मस्त. तुम्ही आमच्यासाठी देवच. सिस्टर लोकांनाही थँक्स हं. ती संध्याकाळची गोळी चालू ठेवायची ना?'

भावना खरी आहे, पण ही कोणाची आई ते कळत नाही. 'देव' म्हटल्याने डॉक्टरांनी नेमके काय केले ते झाकले जाते. गोळीचा प्रश्न आभारांच्या गर्दीत नजरेतून सुटू शकतो. तो वेगळाच विचारावा. सर्वांत खटकतो तो 'सिस्टर लोकांनाही'मधला 'ही'. दिवसरात्र उशाशी असलेली माणसे त्या एका अक्षराने शेवटी आठवलेली ठरतात.

तोच मजकूर पत्रात असा येतो:

'आदरणीय डॉक्टर आणि वॉर्डमधील सर्व सिस्टर,
माझ्या आईच्या खुब्याची शस्त्रक्रिया ४ तारखेला झाली. काल ती वॉकर धरून खोलीभर चालली. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी तिच्याशेजारी बसून धोकेही समजावले, त्याने आम्हाला धीर आला. दुसऱ्या रात्री ती गोंधळून "घरी जायचंय" म्हणत उठू लागली, तेव्हा रात्रपाळीच्या सिस्टरांनी तिचा हात धरून ती कुठे आहे ते पुन्हा पुन्हा शांतपणे सांगितले. ते आम्ही विसरणार नाही. आपणा सर्वांचे मनापासून आभार.'

खाली रुग्णाचे नाव, लिहिणाऱ्याचे नाव आणि नाते.

पत्राचा जीव त्या दुसऱ्या रात्रीच्या वाक्यात आहे. शस्त्रक्रियेनंतर वयस्कर रुग्णांना काही दिवस असा भ्रम होऊ शकतो आणि रात्री तो अनेकदा वाढतो. अशा वेळी उठताना पडण्याची भीती असते. हात धरून भानावर आणणे हा उपचाराचाच भाग, पण बिलात तो दिसत नाही. पाहिलेल्या नातेवाइकालाच तो लिहिता येतो. 'एकदम मस्त'च्या जागी 'वॉकर धरून चालली' आले, तेही योग्यच. पुढे काय होईल हे ठाऊक नसतानाही ते वाक्य खरे राहते.

डॉक्टरांच्या फोनवरचा संदेश रात्रपाळीपर्यंत पोहोचेलच असे नाही. म्हणून पत्राची एक प्रत वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरांकडे द्यावी. सिस्टरांचे नाव माहीत नसले तरी तारीख आणि पाळी पुरते. ड्यूटीच्या यादीवरून त्या कोण ते कळते. पत्र फलकावर लागणार असेल तर रुग्णाचे नाव वगळावे. आणि गोंधळलेल्या रात्रीची ओळ लिहिण्याआधी ती आईला वाचून दाखवावी. तिला संकोच वाटला तर 'त्या कठीण रात्री' एवढेच लिहावे.