समतोल भाराखाली तापणारी न्यूट्रल तार

कार्यालयाच्या एका मजल्याचे पॅनेल उघडून तारेभोवती धरून प्रवाह मोजणारा टाँग टेस्टर लावला आणि आर, वाय, बी या तिन्ही फेजमध्ये प्रत्येकी ८४ अँपिअर दिसले, की इलेक्ट्रिशियन समाधानाने झाकण बसवायला घेतो. भार तिन्ही फेजवर सारखा वाटलेला असला की न्यूट्रलमध्ये, म्हणजे तिन्ही फेजचा प्रवाह परत नेणाऱ्या सामाईक तारेत, जवळजवळ काहीच प्रवाह उरत नाही, हे त्याला पहिल्याच वर्षी शिकवलेले असते. मात्र तोच टेस्टर न्यूट्रलभोवती धरल्यावर १२६ अँपिअर दिसणे अशक्य नाही. मजल्यावर शेकडो संगणक आणि एलईडी दिवे असतील, तर तसे घडू शकते.

याचे कारण ही उपकरणे वीज कशी घेतात यात आहे. जुना तारेचा बल्ब व्होल्टेजच्या चढउताराबरोबर, पूर्ण लहरभर प्रवाह घेत असे. संगणकाचा पॉवर सप्लाय किंवा स्वस्तातला एलईडी ड्रायव्हर आधी आलेली वीज डीसी करून एका कपॅसिटरमध्ये साठवतो, आणि हा कपॅसिटर व्होल्टेज शिखराजवळ पोहोचल्यावरच भरतो. त्यामुळे १० मिलिसेकंदांच्या अर्ध्या लहरीतला बराच काळ उपकरण काहीच घेत नाही आणि शिखराशी मात्र एक छोटा, उंच झटका ओढते. तीन फेजची शिखरे एकाच वेळी येत नाहीत. धन आणि ऋण शिखरे मिळून दर ३.३३ मिलिसेकंदांनी एक अशी ती येतात. गुळगुळीत लहरी न्यूट्रलमध्ये परस्परांना खोडून काढतात, ते त्या प्रत्येक क्षणी एकत्र वाहत असतात म्हणून. झटके मात्र एकापाठोपाठ एक येतात. आर फेजचा झटका न्यूट्रलमधून परतत असताना त्याला खोडायला दुसऱ्या फेजमध्ये प्रवाहच नसतो. एक धन, एक ऋण असे हे सहा झटके २० मिलिसेकंदांत मोजले, तर तीन पूर्ण लहरी होतात, म्हणजे ५० ऐवजी १५० हर्ट्‌झ. यालाच तिसरी हार्मोनिक म्हणतात, आणि तिन्ही फेजमधली ती न्यूट्रलमध्ये चक्क बेरीज होऊन येते.

वरचे आकडे असे आले. प्रत्येक फेजमध्ये ५० हर्ट्‌झचा मूळ प्रवाह ७० अँपिअर, तिसरी हार्मोनिक त्याच्या ६० टक्के म्हणजे ४२ आणि पाचवी, म्हणजे २५० हर्ट्‌झची, २१ अँपिअर आहे असे धरू. या तिघांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ सुमारे ८४ येते. न्यूट्रलमध्ये मूळ प्रवाह आणि पाचवी हार्मोनिक एकमेकींत विरून जातात, पण ४२ ची तिप्पट, म्हणजे १२६, तशीच राहते.

आता केबलकडे पाहू. आपल्याकडच्या कितीतरी इमारतींमध्ये साडेतीन कोअरची केबल आहे. त्यातली ‘अर्धी’ कोअर म्हणजे न्यूट्रल: फेज ५० चौरस मिलिमीटरची असेल, तर न्यूट्रल २५ ची. न्यूट्रलमध्ये फारसे काही वाहत नाही, या समजुतीवर केलेली ही काटकसर एके काळी योग्यच होती. आज प्रवाह दीडपट, म्हणजे उष्णता सव्वादोनपट, आणि तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ निम्मे असल्याने रोध दुप्पट. एकूण उष्णता फेजच्या कोअरच्या साडेचारपट होते. ॲल्युमिनियमची २५ चौरस मिलिमीटरची कोअर शंभर अँपिअरच्या आतच वापरायची असते. शिवाय १०० अँपिअरचा एमसीबी फेजमधले ८४ पाहून निर्धास्त राहतो, कारण न्यूट्रलमधला प्रवाह पाहून ट्रिप होणारे साधन तिथे बहुधा नसतेच.

आधी तापते ती जोडणी. तारेच्या टोकाला बसवलेल्या लगजवळचे इन्सुलेशन तपकिरी, कडक होते, पॅनेलला जळका वास येतो, आणि गरम-थंड होऊन बोल्ट ढिला पडला की रोध आणखी वाढतो. शेवटी न्यूट्रल तुटलीच, तर कमी भाराच्या फेजवरचे व्होल्टेज २४० वरून ४१५ च्या दिशेने चढते आणि त्या फेजवरची उपकरणे एका दमात जळतात.

निदान सोपे आहे. लहरीचा आकार कसाही असला तरी खरा प्रवाह दाखवणारा ट्रू आरएमएस मीटर घ्यावा, कारण साधा मीटर झटक्यांचा प्रवाह कमी दाखवतो. न्यूट्रलवर धरून हर्ट्‌झचे बटण दाबावे. ५० दिसले तर फेजवरचा भार असमान आहे आणि काही सर्किटे इकडून तिकडे हलवून भागेल. १५० दिसले, तर ती अदलाबदल व्यर्थ आहे. अशा वेळी न्यूट्रल फेजइतकी किंवा दुप्पट जाड करावी लागते, अथवा भाराजवळ झिगझॅग ट्रान्सफॉर्मर बसवून या प्रवाहाला जवळची वाट द्यावी लागते.

नवी उपकरणे प्रमाणित आहेत, एवढ्यावर विसंबता येत नाही. आयईसी ६१०००-३-२ या मानकात २५ वॅटपर्यंतच्या दिव्यांना मूळ प्रवाहाच्या ८६ टक्क्यांपर्यंत तिसरी हार्मोनिक चालते. दिवा छोटा म्हणून ही सवलत. छतावर असे चारशे दिवे असतील, याचा हिशेब त्यात नाही. हा प्रवाह इमारतीच्या डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोहोचला की डेल्टा गुंडाळीतच फिरत राहतो आणि ती तापवतो, पण समतोल असेल तर पलीकडच्या उच्चदाबाच्या तारांवर उतरत नाही, त्यामुळे तिथल्या मीटरवर त्याचा मागमूसही लागत नाही.