अळी व कोश यांची ओळख

झाडावर सापडलेल्या अळीवरून किंवा कोशावरून त्यातून पुढे कोणता कीटक बाहेर येईल, याचा अंदाज बांधण्याची निरीक्षणपद्धती. बोलीत गुळगुळीत अंगाच्या जिवाला अळी आणि केसाळ जिवाला सुरवंट म्हणतात. कीटकशास्त्राच्या दृष्टीने मात्र दोन्ही एकाच अवस्थेची रूपे आहेत. ‘कोश’ हा शब्दही मराठीत दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. अळीने शेवटची कात टाकल्यावर जो निश्चल जीव उरतो तो प्यूपा होय, आणि कित्येक पतंगांच्या अळ्या त्यापूर्वी स्वतःभोवती जे रेशमी वेष्टन विणतात त्यालाही कोशच म्हटले जाते. हा फरक ओळखीच्या कामात फार उपयोगी पडतो, कारण बहुतेक फुलपाखरांचा प्यूपा उघडाच असतो. गुंडाळलेल्या पानाच्या आत थोडे रेशीम वापरून कोशात जाणारी स्किपर कुळातील फुलपाखरे हा त्याला एक अपवाद.

अळीच्या रंगापासून सुरुवात करणे ही नवख्याची नेहमीची चूक असते. एकाच जातीची अळी दर कात टाकताना रंग बदलू शकते, त्यामुळे आधी पाय मोजावेत हे बरे. फुलपाखरू व पतंग यांच्या अळीला डोक्यामागे तीन जोड्या सांधेदार पाय असतात, आणि पोटाखाली जास्तीत जास्त पाच जोड्या मांसल पाय असतात. या मांसल पायांच्या तळाशी बारीक आकडे असून त्यांच्या आधाराने अळी पानाला घट्ट धरून राहते. मांसल पायांच्या दोनच जोड्या असतील तर अळी पाठीची कमान करीत चालते. तिच्यातून जॉमेट्रिड कुळातील पतंग निघतो. ज्यांना शेतकरी उंटअळ्या म्हणतात, त्यांच्यापैकी अनेकींच्या मांसल पायांच्या जोड्या दोन आणि पाच यांच्या दरम्यान असतात व त्याही पतंगांच्याच असतात. याउलट मांसल पायांच्या सहा किंवा अधिक जोड्या भरल्या, तर ती फुलपाखराची वा पतंगाची अळी नव्हेच. मोहरीच्या पानांवरची काळपट अळी याचे चांगले उदाहरण आहे. तिला अशा आठ जोड्या असतात, स्पर्श होताच ती वेटोळे करून खाली पडते, आणि तिच्यातून गांधीलमाशीच्या गोतातली सॉफ्लाय नावाची माशी निघते.

पाय मोजून झाले की अळीपेक्षा झाडाकडे अधिक लक्ष द्यावे. पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन या जीवशास्त्रज्ञांनी १९६४ साली फुलपाखरांची कुळे आणि त्यांच्या खाद्यवनस्पती यांची सांगड घालून दाखवले, की परस्परांशी नाते असलेली फुलपाखरे बहुधा परस्परांशी नाते असलेल्या वनस्पतींवरच वाढतात. वनस्पती स्वतःच्या रक्षणासाठी कडू, विषारी वा उग्र द्रव्ये तयार करतात. ती पचवण्याची किंवा अंगात साठवण्याची क्षमता ज्या गटाला साधली, तो गट त्या वनस्पतींना धरून राहिला. त्यामुळे झाडाचे नाव कळले की शेकडो शक्यतांतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरतात. येथे अळी त्या झाडावर बसलेली आहे की तेच झाड खात आहे, हे मात्र तपासावे लागते. कडेने कुरतडलेली ताजी पाने आणि खाली पडलेल्या लेंड्या हा त्याचा पुरावा. पूर्ण वाढलेली अळी कोशात जाण्यापूर्वी अन्न सोडून भटकते, त्यामुळे भिंतीवर किंवा शेजारच्या भलत्याच झाडावर सापडलेल्या कोशाबाबत झाडाची साक्ष ग्राह्य धरता येत नाही.

एकाच झाडावर भिन्न जाती वाढतात तेव्हा शरीराची खूण निर्णायक ठरते. कण्हेरीच्या पानांवर जाड, हिरवी, डोक्यामागे दोन निळसर डोळ्यांसारखे ठिपके असलेली आणि शेपटीकडे आखूड शिंग असलेली अळी दिसली, तर ती हॉकमॉथ गटातील कण्हेरीच्या पतंगाची असते. तिचा कोश फांदीवर शोधून उपयोग नाही, कारण ती खाली उतरून पाचोळ्यात कोशात जाते. त्याच कण्हेरीवर आडव्या पट्ट्यांची आणि अंगातून मऊ, काळे, धाग्यांसारखे तंतू निघालेली अळी असेल, तर ते कॉमन क्रो हे फुलपाखरू होय. हे तंतू मोजण्यासारखे असतात. कॉमन क्रोच्या अळीला त्यांच्या चार जोड्या असतात. रुईवर वाढणाऱ्या प्लेन टायगरच्या अळीला तीन, तर ब्लू टायगरच्या अळीला दोनच. कोशातही फरक राहतो. प्लेन टायगरचा कोश फिकट हिरवा वा गुलाबीसर असून त्यावर सोनेरी टिकल्या असतात, तर कॉमन क्रोचा कोश आरशासारखा चकाकतो. दोन्ही डोके खाली करून लटकतात.

लिंबाच्या झाडावरील अळी हे ओळखीचा सराव करण्यासाठी सर्वांत सोयीचे उदाहरण आहे. कोवळ्या पानावर टाचणीच्या डोक्याएवढे, गोल, पिवळसर अंडे एकेकटे घातलेले असते. त्यातून निघालेली अळी तपकिरी व पांढऱ्या रंगाची असून पानावर पडलेल्या पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. हे साम्य इतके पक्के असते की पाहणाऱ्याची नजर तिच्यावरून सहज घसरते. चार वेळा कात टाकल्यानंतर ती एकाएकी हिरवी होते आणि तिच्या पोटाच्या बाजूंवर तिरके पट्टे दिसू लागतात. काडीने हलकेच डिवचल्यास डोक्यामागून दुभंगलेल्या जिभेसारखा एक मांसल अवयव बाहेर येतो व उग्र वास सुटतो. हा अवयव स्वॅलोटेल कुळाखेरीज कोठेही नसतो, म्हणून तो दिसताच कुळाचा निकाल लागतो. जातीचा निकाल मात्र लागत नाही. लिंबावर लिंबू फुलपाखरू आणि कॉमन मॉर्मन या दोन्ही जाती वाढतात, आणि शेवटच्या अवस्थेतील त्यांच्या हिरव्या अळ्या अनुभवी निरीक्षकालाही फसवतात.

पुढे अळी खाणे थांबवते, पातळ विष्ठा टाकून पोट रिकामे करते आणि एखादी काडी निवडून तिच्यावर रेशमाची गादी विणते. शेपटी त्या गादीत अडकवून ती अंगाभोवती कमरपट्ट्यासारखा एकच धागा घेते. साधारण एका दिवसाने कात फाटते व प्यूपा उघडा पडतो. डोके वर, शेपटी गादीत आणि मधोमध धाग्याचा आधार, ही ठेवण या कुळाची आहे. पांढरी-पिवळी पिअरिड फुलपाखरे आणि छोटी निळी फुलपाखरेही असाच धागा घेतात, पण त्यांचे कोश आकाराने लहान असतात. कॉमन मॉर्मनचा कोश लिंबू फुलपाखराच्या कोशापेक्षा पाठीकडे अधिक वाकलेला आणि पोटाशी अधिक रुंद असतो. कोश हिरवा की तपकिरी, यावरून जात किंवा नरमादी सांगता येत नाही. तो रंग आसपासच्या परिस्थितीवर ठरतो, आणि एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही रंगांचे कोश तयार होऊ शकतात. जात अचूक सांगितली तरीही अंदाज पुरा होत नाही, कारण कॉमन मॉर्मनच्या माद्या एकाहून अधिक रूपांच्या असतात: काही नरासारख्या, तर काही विषारी रोझ फुलपाखरांची नक्कल करणाऱ्या.

रेशमी वेष्टन आढळल्यास प्रथम पतंगाचा विचार करावा. टसरच्या पतंगाचा कोश कठीण व अंडाकार असून मजबूत देठाने फांदीला अडकवलेला असतो. काटेरी, गोगलगायीसारख्या सरकणाऱ्या अळ्यांचे कोश छोट्या अंड्याच्या कवचासारखे असतात आणि पतंग बाहेर पडताना त्याचे टोक झाकणासारखे उघडते. या अळ्यांना उघड्या हातांनी शिवू नये, त्यांचे काटे दाह करतात. काटक्यांची पिशवी पाठीवर घेऊन फिरणारी अळी पिशवी-पतंगाची असते, आणि तिच्या कित्येक जातींत मादीला पंखच येत नाहीत, म्हणून त्या पिशवीतून काही उडून येण्याची वाट पाहणे व्यर्थ जाते. प्रार्थनाकीटकाची फेसासारखी वाळलेली अंडीपेटी आणि कोळ्याची रेशमी अंडीपिशवी याही अनेकदा कोश समजून घरी आणल्या जातात.

परजीवी कीटक मात्र सगळा अंदाज उधळून लावू शकतात. अळीच्या अंगावर तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे वा पिवळे ठिपके चिकटलेले दिसले की ती अळीचीच अंडी आहेत, असा समज होतो. पण अळीचे वय अंडी घालण्याचे नव्हे, आणि ती अंडीही नव्हेत. अळीचे शरीर आतून खाऊन बाहेर पडलेल्या ब्रॅकोनिड माश्यांचे ते कोश असतात. टेरोमॅलस नावाची चिमुकली माशी तर अळीजवळ ठाण मांडून बसते आणि कात फाटताच, प्यूपाचे कवच अजून मऊ असताना त्यात अंडी घालते. अशा एका कोशातून फुलपाखराऐवजी कित्येक डझन माश्या निघतात. निरोगी कोश स्पर्श केल्यास पोटाचा भाग हलवतो. बाधित कोश ताठर राहतो व त्याचा रंग मळकट होतो. टॅकिनिड माशीची बाधा असल्यास कोशाच्या तळाशी तपकिरी, पिंपासारखे छोटे दाणे पडलेले आढळतात, आणि तेच त्या माशीचे प्यूपा होत.

काळा पडलेला कोश मेलाच, असे मानून टाकून देणेही चुकीचे ठरते. बाहेर येण्याच्या आदल्या दिवशी कवच पारदर्शक होते व आतील पंखांचे रंग दिसू लागतात. पंखांची नक्षी ओळखता येत असेल तर कोश जिवंत आहे, आणि सर्वत्र सारखा काळा, ओलसर व दुर्गंधीयुक्त असेल तर रोगाने गेला आहे. लिंबू फुलपाखरू उबदार हवेत सुमारे आठवड्याभराने बाहेर येते, पण प्रतिकूल ऋतूत काही जातींचे कोश महिनोन्‌महिने सुप्त राहतात, त्यामुळे केवळ उशीर झाला म्हणून कोश फेकू नये. त्याच्याभोवती पंख खाली लोंबवून पसरता येतील एवढी मोकळी जागा ठेवावी. ती नसल्यास पंख चुरगळलेलेच वाळतात.

रिकामा कोश सापडला तरी निदान करता येते. डोक्याच्या बाजूने फाटलेले पातळ कवच आणि खाली लालसर वा तपकिरी द्रवाचा डाग असेल तर फुलपाखरू नीट बाहेर पडले. कवच अखंड असून त्याच्या कडेला टाचणीने पाडल्यासारखे बारीक गोल भोक असेल तर आतून परजीवी माशी निघून गेली.